उशिरा आलेली शिष्यवृत्ती पूर्ण नसते

प्रवेशाचा हंगाम सुरू झाला की आपल्या वस्त्यांमध्ये दोन आवाज ऐकू येतात. एक एजंटाचा: ‘एमबीए कर, पॅकेज बघ, दोन वर्षांत पैसे वसूल.’ दुसरा शहाण्यासुरत्या नातेवाइकांचा: ‘कशाला एवढा खर्च? लागलेली नोकरी सोडू नकोस.’ दोघेही हिशेबाची भाषा बोलतात, पण हिशेब कोणीच मांडत नाही. तो मांडला की एक तिसरा गुन्हेगार समोर येतो. तो समाजकल्याणाच्या फायलीत बसलेला असतो आणि त्याचे नाव आहे उशीर. आमचा आजचा वाद त्याच्याशी आहे.

हिशेबासाठी एक उदाहरण घेऊ. प्रज्ञा नावाची बी.कॉम. झालेली मुलगी धरा. ती नांदेडला एका कर सल्लागाराच्या कचेरीत महिना १५,००० रुपयांवर काम करते. गावातल्याच खाजगी कॉलेजात दोन वर्षांचे एमबीए आहे, फी वर्षाला २ लाख. आकडे आम्ही धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला. रीत तीच राहील.

पहिली चूक इथेच होते. एजंट सांगतो, ‘एमबीएनंतर २८,००० मिळतील’, आणि आपण ते २८,००० कोर्सच्या खात्यावर जमा करतो. पण प्रज्ञा काही घरी बसून राहणार नव्हती. कोर्स न करता दोन वर्षांनी तिचा पगार १८,००० झाला असता. म्हणून कोर्सची कमाई फक्त फरकाएवढी: महिना १०,०००, वर्षाला १ लाख २० हजार. खर्चाच्या बाजूलाही तसेच. राहणे-जेवणे कोर्स केला तरी लागते, नाही केला तरी लागते, म्हणून ते धरायचे नाही. मात्र सोडलेला पगार धरायचाच: वर्षाला १ लाख ८० हजार, दोन वर्षे. कॉलेजच्या पावतीवर हा आकडा कधीच छापलेला नसतो, पण घराच्या चुलीला तो पहिल्याच महिन्यात कळतो.

आता साधी बेरीज करा. फी ४ लाख, बुडालेला पगार ३ लाख ६० हजार, एकूण खर्च ७ लाख ६० हजार. पुढची दहा वर्षे वाढीव पगार १२ लाख. म्हणजे ४ लाख ४० हजारांचा फायदा. एजंटाचे माहितीपत्रक इथेच संपते.

पण आज भरलेले दोन लाख आणि आठ वर्षांनी मिळणारे दोन लाख एकाच तराजूत टाकता येत नाहीत. पुढचा प्रत्येक रुपया आजच्या भावात आणावा लागतो. असे आणलेले येणे आणि आजच्या भावातले देणे यांतला फरक म्हणजे निव्वळ वर्तमान मूल्य, ज्याला एनपीव्ही म्हणतात. आणि हा भाव ठरवतो वटाव दर.

वटाव दर कुठल्या पुस्तकात शोधायचा नसतो. तुमच्या घराला पैसा कितीला मिळतो, तोच तुमचा वटाव दर. ज्या घरात मुदत ठेव आहे, गहाण ठेवायला फ्लॅट आहे, बँकेत ओळख आहे, तिथे तो १० टक्क्यांच्या आसपास असतो. आपल्याकडे बचत गटाच्या पलीकडे गरज पडली की शेकडा दोन, म्हणजे महिन्याला शंभराला दोन रुपये, म्हणजे वर्षाला २४ टक्के. खाजगी सावकार याहून जास्त घेतो, पण आपण २४ च धरू. १० टक्क्यांच्या घरात दोन वर्षांनी येणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत ८३ रुपये आहे. २४ टक्क्यांच्या घरात ती ६५ रुपये आहे. नोट तीच, सही तीच, किंमत घर बघून ठरते. वटाव दराला जात असते, असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने.

आता प्रज्ञाचा हिशेब पुन्हा करू. फी वर्षाच्या सुरुवातीला भरायची, पगाराचा हिशेब वर्षाच्या शेवटी धरायचा. शिष्यवृत्ती नसेल तर १० टक्के दराने खर्च आजच्या भावात ६ लाख ९४ हजार होतो आणि वाढीव पगार ६ लाख ९ हजार. साध्या बेरजेतला साडेचार लाखांचा फायदा ८५ हजारांच्या तोट्यात गेला. २४ टक्के दराने तोच तोटा ३ लाख ३६ हजारांवर जातो. पाहिजे तर मोबाइलवरच्या स्प्रेडशीटमध्ये करून बघा. A1 मध्ये आज भरायची फी उणे चिन्हासह लिहा, A2 पासून A13 पर्यंत पुढच्या बारा वर्षांची जमा-वजाबाकी, आणि मग:

```
=A1+NPV(24%,A2:A13)
```

A1 बाहेर ठेवणे महत्त्वाचे आहे. NPV ही आज्ञा कंसातला पहिला आकडा वर्षाच्या शेवटचा समजते. आजची फी कंसात टाकली तर उत्तर बिघडते.

कोणी म्हणेल, मग नातेवाईक बरोबरच सांगत होते. थांबा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. पालकांचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर ती मिळते, त्यावर असेल तर राज्याची फ्रीशिप आहे. प्रज्ञाने केंद्रीय प्रवेश फेरीतून, म्हणजे कॅपमधून, जागा घेतली तर फीचा भार सरकारवर जातो. (व्यवस्थापन कोट्यातून घेतली तर जात नाही. ‘सीट पक्की करून देतो’ म्हणणारा माणूस एवढेच वाक्य गिळतो.) फी वजा केली की उरतो फक्त बुडालेला पगार. १० टक्के दराने एनपीव्ही २ लाख ९७ हजार अधिक. २४ टक्के दरानेही २५ हजार अधिक. कोर्स परवडला. बाबासाहेबांच्या माणसांनी लढून मिळवलेला हक्क इथे आकड्यात दिसतो: तोच कोर्स, पण उणेचा अधिक झाला.

आता उशीर आत आणा. कॉलेज म्हणते, आधी फी भरा, शिष्यवृत्ती आली की तुमचीच आहे. प्रज्ञाचे वडील शेकडा दोनने दोन लाख उचलतात, पुढच्या वर्षी आणखी दोन लाख. पोर्टलवर अर्ज कधी कॉलेजच्या लॉगिनला, कधी जिल्ह्याच्या लॉगिनला अडकतो. धरा, प्रत्येक हप्ता दोन वर्षांनी खात्यात पडला. एक रुपयाही कापलेला नाही. सरकारी अहवालात लाभार्थी म्हणून तिची नोंद झाली. पण तिच्या घरात प्रत्येक १०० रुपयांचे ६५ झाले. चार लाखांच्या फीवर आजच्या भावात १ लाख २६ हजार गेले, आणि अधिक २५ हजारांचा एनपीव्ही उणे १ लाख १ हजार झाला.

हाच उशीर १० टक्क्यांच्या घरावर टाका. तिथे ६६ हजारांचा फटका बसतो, पण एनपीव्ही २ लाख ३१ हजार अधिकच राहतो. कचेरीत खुर्चीवर बसणाऱ्याचे घर बहुधा हे दुसरे असते. म्हणूनच ‘आज ना उद्या मिळेलच की’ हे वाक्य त्याच्या तोंडून इतके सहज निघते.

दुसऱ्या बाजूने बघा. उशीर सोसूनही कोर्स फिटायला पगारात किती वाढ लागेल? १० टक्क्यांच्या घरातल्या मुलाला महिना सुमारे ६,२०० पुरतात. प्रज्ञाला साडेतेरा हजार लागतात. वर्ग एक, बाक एक, परीक्षा एक, पण तिने दुपटीहून जास्त कमावले तर कुठे बरोबरी होते. आणि तरीही मेरिट कोणाकडे कमी आहे यावर भाषणे आपल्यालाच ऐकवली जातात.

या हिशेबाच्या मर्यादा आम्ही लपवत नाही. आम्ही फरक दहा वर्षे स्थिर धरला. तो वाढत गेला, किंवा दहा वर्षांपुढेही टिकला, तर चित्र सुधारते. उलट २८,००० ची नोकरी लागलीच नाही तर बिघडते. म्हणून कॉलेज सांगते ते सर्वात मोठे पॅकेज सोडा. मागच्या दोन बॅचमधल्या आपल्या मुलांना गाठून, हातात किती येतात ते विचारा. आकडे चढत्या क्रमाने मांडा आणि मधला घ्या. शिक्षणाने मिळणारी प्रतिष्ठा या गणितात बसत नाही, हे खरे. पण प्रतिष्ठा बसत नाही म्हणून व्याज माफ होत नाही.

‘हे भांडवलदारांचे गणित आपल्याला कशाला’ असे म्हणणारे मित्र आपल्यात आहेत. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाचे आपण अनुयायी आहोत. आकड्यांना घाबरणे आपल्याला शोभत नाही. मागणी आकड्यात मांडली की ती दयेची राहत नाही. ‘शिष्यवृत्ती लवकर द्या हो’ ही विनवणी झाली. ‘तुमच्या दोन वर्षांच्या उशिराने या विद्यार्थिनीचे १ लाख २६ हजार कापले, ते व्याजासह द्या’ हा दावा झाला. त्यासाठी दोन कागद जपा: फी भरल्याच्या तारखेची पावती आणि शिष्यवृत्ती जमा झाल्याच्या तारखेचे पासबुक. या दोन तारखांमधले अंतर म्हणजेच कपात. प्रत्येक निवेदनात ही दोन्ही जोडा. पहिली मागणी मात्र याहून साधी आहे: पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घेऊच नये.

आणि एक प्रश्न आपल्याच लोकांना. दर जून-जुलैत आपल्या कर्मचारी संघटना आणि विहार समित्या गुणवंतांचे सत्कार करतात. शाल, ट्रॉफी, मंडप, जेवण. याच पैशातून बिनव्याजी फी-निधी उभा केला तर? प्रज्ञाला दोन वर्षांत चार लाख द्यायचे, शिष्यवृत्ती जमा होईल तसे परत घ्यायचे. ती शेवटी नोकरीला लागली की नाही यावर ही परतफेड अवलंबून नाही, ती सरकारी हप्त्यावर आहे. मात्र निधी देण्याआधी प्रवेश कॅपचाच आहे आणि जात पडताळणी प्रमाणपत्र हातात आहे, एवढे तपासावे. पैसे उशिराने परत येतील, पण व्याज कोणाच्या मानेवर बसणार नाही आणि मुलीचा उणे १ लाख पुन्हा अधिक २५ हजार होईल. बँकेचे शैक्षणिक कर्ज मिळत असेल तर सावकाराआधी तेही बघावे, कारण त्याने फीपुरता दर २४ वरून खाली येतो. पण बुडालेल्या पगारासाठी कोणतीही बँक कर्ज देत नाही, हे लक्षात ठेवा.

सरकारने हक्क वेळेवर द्यावा यासाठी रस्त्यावर उतरू. तोवर ज्यांचा पगार दर महिन्याला वेळेवर होतो, त्यांनी आपल्या संघटनेच्या पुढच्या बैठकीत सत्काराच्या खर्चाचा विषय काढावा.

जय भीम.