गुण उच्चाराचे की आवाजाचे?

माझी भाची नववीत आहे. शाळेत सांगितलेल्या एका अ‍ॅपवर ती इंग्रजी उच्चारांचा सराव करते. पश्चिम दिशेला इंग्रजीत जो 'वेस्ट' शब्द आहे, तो तिने ओठ गोल करून, अगदी हवा तसा म्हटला. गुण मिळाले ५८. मग मी मुद्दाम मराठी 'व' लावून तोच शब्द म्हटला. मला ८१! "मामू, मग चुकतंय कोण?" तिने विचारलं.

अशी मोजणी सहसा कशी होते ते पाहू. नमुन्याच्या आवाजाचे साधारण २५ मिलिसेकंदांचे तुकडे करतात, दर १० मिलिसेकंदांनी नवा. नमुना ०.६ सेकंदाचा असेल तर सुमारे ६० तुकडे. मुलगी सावकाश बोलली, ०.९ सेकंद, तर ९०. प्रत्येक तुकड्यातल्या ध्वनीची ठेवण काही आकड्यांत मांडतात. मग दोन्ही रांगांची अशी जुळणी शोधतात, की एकूण अंतर कमीत कमी भरेल. नमुन्याचा एक तुकडा तिच्या दोन-तीन तुकड्यांशी जुळू शकतो. साकोए आणि चिबा या जपानी संशोधकांचा १९७८चा लेख या पद्धतीसाठी प्रसिद्ध आहे. तिच्यामुळे सावकाश बोलणाऱ्यावर अन्याय होत नाही, हे खरंच.

पण उरलेलं अंतर फक्त उच्चाराचं नसतं. नमुना प्रौढ पुरुषाचा होता. मुलीचा कंठ आखूड, त्यामुळे तोच स्वर तिच्या तोंडून वेगळा उमटतो. त्यात मोबाइलचा माइक आणि डोक्यावरचा पंखा. हे सगळं तिच्या नावावर चूक म्हणून जमा होतं. उलट माझा चुकीचा 'व' साठातल्या जेमतेम सहा-सात तुकड्यांत होता. पूर्ण शब्दाच्या सरासरीत तो बुडून गेला.

म्हणून माझं म्हणणं असं, की एका नमुन्यापासूनच्या अंतरावर गुण देऊच नयेत. त्याच माणसाच्या आवाजात दोन नमुने ठेवावेत: पश्चिमेचा 'वेस्ट' आणि बंडीचा 'वेस्ट', ज्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. मुलीचा आवाज दोन्हींशी जुळवावा आणि फक्त सुरुवातीच्या तुकड्यांत ती कोणाच्या जवळ आहे ते पाहावं. कंठ आणि माइकचं अंतर दोन्हीकडे जवळपास सारखंच पडतं, म्हणून वजाबाकीत बरंचसं निघून जातं. पूर्णपणे नाही, त्यासाठी नमुन्यांत मुलींचे आवाजही हवेत.

तुमच्या घरच्या अ‍ॅपची परीक्षा सोपी आहे. शब्द मुद्दाम चुकीचा म्हणा, मग बरोबर म्हणा. गुण हललेच नाहीत, तर ते अ‍ॅप उच्चार ऐकतच नाही. भाचीला मी एवढंच सांगितलं, "बेटा, तुझा 'वेस्ट' बरोबर होता."