मैत्रीचे गुण आणि कामाचे गुण

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० लागू झाल्यापासून महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभागाचे कार्यक्रम आले. जुन्नर-आंबेगावच्या पोरांना सर्वेक्षणाचे कागद घेऊन गावात जाण्याचे गुण मिळू लागले. हे चांगलेच झाले. पण हे काम बहुतेक वेळा गटाने होते आणि गुणही गटालाच मिळतात. पाच जणांच्या गटात दोघे राबतात, दोघे जमेल तसे करतात आणि एक जण फक्त सादरीकरणाच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून येतो. गुण मात्र पाचही जणांना सारखे.

यावर उपाय म्हणून काही ठिकाणी गटातल्या मुलांनीच एकमेकांना गुण द्यायचा फॉर्म आला. आम्ही असे काही फॉर्म पाहिले आहेत. ‘सहकार्य : १० पैकी’, ‘नेतृत्व : १० पैकी’, ‘वक्तशीरपणा : १० पैकी’ अशा ओळी असतात आणि प्रत्येकाने प्रत्येकाला ९ दिलेले असतात. कारण सरळ आहे. मित्राला ९ देताना देणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही. उलट ५ दिले तर संध्याकाळी एसटी स्टँडवर त्याला तोंड द्यावे लागते. दोष पोरांचा कमी आणि फॉर्मचा जास्त आहे.

फॉर्म बदलायचा तर पहिली गोष्ट, गुणांची थैली ठरावीक करावी. पाच जणांच्या गटात प्रत्येकाने स्वतःला सोडून उरलेल्या चौघांत मिळून ४० गुण वाटायचे. सगळ्यांचे काम सारखे असेल तर प्रत्येकी १०. मित्राला १६ द्यायचे असतील तर ते ६ कुणाच्या तरी वाट्यातून काढावे लागतात. म्हणजे मैत्रीची किंमत कागदावर दिसते. फॉर्म गुप्त असावा. तो फक्त शिक्षकांनी पाहावा आणि विद्यार्थ्याला आपला शेवटचा आकडा तेवढा कळावा.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा, पश्चिम आंबेगावातल्या हिरडा गोळा करणाऱ्या कुटुंबांचे सर्वेक्षण आहे. गटात अ, ब, क, ड, इ असे पाच जण आहेत. क ला मिळाले १२, ११, १२ आणि इ कडून १६. अ ला मिळाले १२, १२, १२ आणि इ कडून ८. ब ला १२, १२, ११ आणि इ कडून ८. ड ला १२, १३, १२ आणि इ कडून ८. इ ला मिळाले ४, ४, ४, ५.

इथे साधी सरासरी काढली तर इ ने दिलेल्या १६ मुळे क वर जातो आणि ८ मुळे बाकीचे खाली येतात. म्हणून सरासरी न काढता मध्यक काढावा. चार आकडे चढत्या क्रमाने लावायचे, सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान सोडून द्यायचा, मधल्या दोघांची सरासरी घ्यायची. क चे होतात १२, अ आणि ड चेही १२, ब चे ११.५ आणि इ चे ४. एकट्या मित्राचे लाडाचे गुण आणि एकट्या शत्रूचे रागाचे गुण, दोन्ही आपोआप गळून पडतात.

आता या आकड्याला १० ने भागायचे. अ चा गुणक १.२, इ चा ०.४. गटाला ५० पैकी ३५ गुण मिळाले असतील तर निम्मे, म्हणजे १७.५, सर्वांना सारखे द्यावेत आणि उरलेल्या १७.५ ला गुणकाने गुणावे. अ ला ३८.५ मिळतात, इ ला २४.५. फुकट खाणारा उघडा पडला. इंग्लंडच्या लफबरो विद्यापीठात तयार झालेली वेबपीए ही संगणक प्रणाली गुणकाच्या अशाच तत्त्वावर चालते. आपल्या कॉलेजला संगणकही नको. कागद, पेन आणि एक तास पुरे.

इथेच थांबलो असतो तर लेख लिहिण्याची गरज नव्हती. आमचा खरा मुद्दा पुढे आहे.

वरचे आकडे पुन्हा वाचा. आता समजा की अ, ब, क, ड एकाच गावचे, एकाच भावकीचे आहेत आणि इ ही कातकरी वस्तीतली किंवा बौद्धवाड्यातली मुलगी आहे. तिला गटाच्या व्हॉट्सअॅपवर घेतलेच नाही. बैठक कुणाच्या तरी घरी झाली, तिला बोलावले नाही. तिच्याशी नीट बोलणारा एकटा क, म्हणून तिने त्याला १६ दिले. पण चौघांत उठून दिसायला नको म्हणून त्यानेही तिला ४ च दिले. आकडे तेच, मध्यकही तोच, २४.५ सुद्धा तेच. कामचोर आणि बहिष्कृत यांची बेरीज कागदावर अगदी सारखी येते. मध्यक एकट्याचा पक्षपात पकडतो. चौघांनी मिळून केलेला पक्षपात त्याला न्यायच वाटतो.

तिसरीही शक्यता आहे. इ हा महादेव कोळी घरातला मुलगा आहे. उन्हाळ्यात घरचे सगळे हिरड्याला जातात, तेव्हा तोही जातो. ज्या कष्टावर गट अहवाल लिहीत होता, तेच कष्ट करायला तो गैरहजर होता!

म्हणून फॉर्मची दुसरी गोष्ट गुणांइतकीच महत्त्वाची आहे : पुराव्याचा रकाना. ‘सहकार्य कसे होते?’ असे विचारू नये. विचारावे : याने किती घरांच्या मुलाखती घेतल्या, कोणत्या तारखेला? अहवालाची कोणती पाने लिहिली? कोणत्या बैठकीला नव्हता आणि त्या बैठकीचा निरोप त्याला कुणी, कसा दिला? हा शेवटचा प्रश्न बहिष्कार पकडतो. प्रत्येकाने आपल्या कामाची हीच नोंद स्वतःही द्यावी, म्हणजे दोन्ही बाजू समोरासमोर ठेवता येतात. भरलेल्या प्रश्नावल्यांवर मुलाखत घेणाऱ्याचे नाव आणि तारीख असतेच. तीसपैकी अकरा प्रश्नावल्या इ च्या हातच्या असतील आणि चौघांनी ‘काहीच केले नाही’ असे लिहिले असेल, तर खोटे कोण ते शिक्षकाला शोधावे लागत नाही.

तिसरी गोष्ट, फॉर्म दोनदा भरावा. पहिल्यांदा प्रकल्पाच्या मध्यावर, गुण न मोजता. कामचोराला तेव्हा इशारा मिळतो, हिरड्याला जाणाऱ्याला आकडेमोडीचे किंवा लिखाणाचे काम वाटून देता येते आणि वाळीत टाकलेली मुलगी शेवटच्या दिवसाआधी शिक्षकाच्या नजरेस येते. आणि कुणाचाही गुणक ०.७ च्या खाली आला तर गुण कापण्याआधी शिक्षकाने गटातल्या प्रत्येकाला वेगवेगळे बसवून दहा मिनिटे तोंडी विचारावे. कोणत्या घरात काय उत्तर मिळाले, हे गेलेल्यालाच सांगता येते.

काही कार्यकर्ते मित्र म्हणतात, गुणांचे अधिकार पोरांच्या हाती देऊच नका, जात तिथेही येणार. येणारच. पण सगळ्यांना सरसकट सारखे गुण दिले तर ती जात नव्हे, तिचा पुरावा जातो. मुलगी वाळीत राहते आणि गुणपत्रिकेत गट एकोप्याने नांदतो. बाबासाहेबांनी मांडलेल्या धम्मातली मैत्री ओळखीच्या चार जणांपुरती नसते. भावकीला ९ देणे याला मैत्री म्हणत नाहीत.

तुमच्या कॉलेजात असा फॉर्म वाटला जाईल तेव्हा एक बघा : त्यात पुराव्याचा रकाना आहे का? नसेल तर भरण्याआधी मागा.