चकाचक एसीपीच्या आत काय आहे? उंच इमारतीत आग बाहेरून वर कशी चढते

नागपुरात वर्धा रोडने किंवा धरमपेठेतून जाताना वर बघा. हॉस्पिटल, शोरूम, कोचिंग क्लास, ऑफिस, जिथे बघाल तिथे चकचकीत चादरींचा किंवा काचेचा मुखवटा दिसतो. पंधरा-वीस वर्षं जुन्या बिल्डिंगलाही तो चढवला की ती नवी वाटते. या चादरीला बाजारात ‘एसीपी शीट’ म्हणतात. नावात ॲल्युमिनियम आहे म्हणून ती धातूची, म्हणजे न जळणारी, असा बहुतेकांचा समज असतो. घोळ इथूनच सुरू होतो.

सँडविचच्या आतला थर

एसीपी शीट हे एक सँडविच आहे. बाहेरून आणि आतून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, तोही साधारण पाव ते अर्धा मिलिमीटरचाच. मध्ये जो थर असतो त्याला कोअर म्हणतात. स्वस्त शीटमध्ये हा कोअर पॉलिथिनचा असतो. दुधाची पिशवी ज्या प्लॅस्टिकची बनते, त्याच कुळातलं हे प्लॅस्टिक.

आता थोडा हिशोब करू. शीट 4 मिमी जाडीची आणि तिच्यात 3 मिमी कोअर धरला, तर एका चौरस मीटरमध्ये जवळपास पावणेतीन किलो पॉलिथिन बसतं. 8 बाय 4 फुटांच्या एका शीटमध्ये ते आठ किलोंच्या वर जातं. किलोमागे पॉलिथिन जळून निघणारी उष्णता जवळपास एलपीजीइतकीच असते. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो. म्हणजे दोन शीटपेक्षाही कमी माल झाला की एका भरलेल्या सिलिंडरएवढं इंधन भिंतीवर चिकटलं. मोठ्या बिल्डिंगच्या दर्शनी भागाला अशा शेकडो शीट लागतात.

नागपूरच्या 45 अंशांच्या उन्हात हे पेटतं का? नाही. पॉलिथिन मऊ होऊन वितळायलाच शंभर अंशांच्या वर तापमान लागतं. धोका उन्हाचा नाही. तो शीटमागून गेलेल्या साइनबोर्डच्या वायरिंगचा, शेजारच्या एसी आउटडोअर युनिटचा आणि खिडकीतून बाहेर आलेल्या ज्वाळेचा आहे.

आग वर का धावते?

शीट थेट भिंतीला चिकटवत नाहीत. आधी फ्रेम ठोकतात आणि तिच्यावर शीट बसवतात. त्यामुळे भिंत आणि शीट यांच्यात काही इंचांची पोकळी राहते. आग तिथे शिरली की ही पोकळी धुराड्यासारखं काम करते. गरम हवा वर ओढली जाते आणि खालून ताजी हवा येत राहते. मोकळ्या हवेत ज्वाळा आजूबाजूला पसरते. पोकळीत तिला तशी जागा मिळत नाही, म्हणून ती उंच होते, पाच ते दहा पटींपर्यंत लांब होऊ शकते. वितळलेलं पॉलिथिन पेटत्या थेंबांनी खाली पडतं आणि खालचे मजलेही पेटवतं.

लंडनच्या 24 मजली ग्रेनफेल टॉवरमध्ये 14 जून 2017 च्या रात्री नेमकं हेच झालं. चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात फ्रिजपासून आग लागली. एरवी ती त्या एका घरातच विझली असती. पण ती खिडकीतून बाहेरच्या पॉलिथिन कोअरच्या पॅनेलला लागली आणि अर्ध्या तासाच्या आत छतापर्यंत गेली. 72 माणसं गेली. चौकशीत आग पसरण्याचं मुख्य कारण हे पॅनेलच ठरले.

काच असली तरी फट असतेच

आपल्याकडचं जवळचं उदाहरण काचेचं आहे. 18 जुलै 2014 ला मुंबईत अंधेरी पश्चिमेच्या लोटस बिझनेस पार्कमध्ये वरच्या मजल्यांवर आग लागली. इमारत काचेने बंद होती. त्यामुळे धूर आणि उष्णता आतच कोंडली, आणि आत गेलेले अग्निशमन दलाचे जवान वर अडकले. एका जवानाचा मृत्यू झाला. तिथे आग मुळातच माथ्याजवळ होती, वर चढायला फारसे मजले उरले नव्हते. तीच आग पाचव्या मजल्यावर लागली असती तर?

काच जळत नाही. पण काचेची भिंत स्लॅबच्या बाहेरून जाते, म्हणून प्रत्येक मजल्यावर स्लॅबची कड आणि काच यांच्यात फट राहते. ती नीट बंद केली नसेल तर धूर आणि ज्वाळा तिथूनच वरच्या मजल्यावर जातात. 2016 च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार ही फट स्लॅबइतकाच वेळ आगीला तोंड देणाऱ्या सीलंटने बंद हवी. शिवाय काचेच्या दर्शनी भागात प्रत्येक मजल्यावर, जास्तीत जास्त 10 मीटर अंतरावर, बाहेर उघडणारे निदान 1 बाय 1 मीटरचे पॅनेल हवेत. त्यांवर आतून ‘FIRE OPENABLE PANEL’ असं लिहिलेलं असावं.

तुम्ही काय तपासाल?

सगळ्यात आधी तुमच्या क्लास किंवा ऑफिसमध्ये ते उघडणारं पॅनेल शोधा. त्याच्यापुढे कपाट किंवा पार्टिशन लावलं असेल तर ते असून नसल्यासारखंच. मग मोबाइलचा टॉर्च लावून काचेजवळची जमिनीची कड बघा. तिथून खालच्या मजल्याचा उजेड किंवा आवाज येत असेल तर फट उघडी आहे. थर्माकोल, साधा फोम किंवा नुसती पट्टी लावून झाकली असेल, तरी ती आगीसाठी उघडीच समजा.

एसीपीच्या बाबतीत सोसायटीच्या सचिवाकडे किंवा मालकाकडे शीटची टेस्ट रिपोर्ट मागा. त्यात ‘A2-s1,d0’ किंवा ‘B-s1,d0’ असा वर्ग दिसू शकतो. पहिलं अक्षर माल किती पेट घेतो ते सांगतं, ‘s’ धुराचं प्रमाण आणि ‘d’ पेटते थेंब. A2 चा कोअर जवळपास सगळा खनिजाचा असतो. B म्हणजे ‘एफआर’ शीट. ती सावकाश जळते, पण जळते. रिपोर्टवरचं कंपनीचं आणि मालाचं नाव बिलाशी जुळतं का तेही बघा. ‘एफआर’चा कागद दाखवून साधा माल लावणं अवघड नाही.

शीटला लायटर लावून ‘बघा, जळत नाही’ म्हणणारे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरतात. त्यांत ज्वाळा वरच्या पत्र्याला लावलेली असते. ॲल्युमिनियम ती उष्णता लगेच पसरवतं, आणि कोअरला काहीच होत नाही. खऱ्या आगीत पत्रा वितळतो, कडा उघड्या पडतात. कोअरच्या रंगावरूनही नक्की काही ठरवता येत नाही.

अजून एक गैरसमज. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार मालकाने दर जानेवारी आणि जुलैमध्ये ‘फॉर्म बी’ द्यायचा असतो. तो जरूर मागा. पण त्यातून पंप, हायड्रंट, स्प्रिंकलर चालू आहेत एवढंच कळतं. भिंतीवरची शीट कुठली, हे तो सांगत नाही. तो प्रश्न वेगळा विचारावा लागतो.

आणि कधी बाहेरची भिंत पेटलेली दिसलीच, तर आत असाल तेव्हा खिडकी-दार बंद करून जिन्याने लगेच खाली या. रस्त्यावर असाल तर व्हिडिओ काढायला बिल्डिंगखाली उभे राहू नका. वरून पेटतं प्लॅस्टिक आणि सुटलेले पत्रे पडत असतात.