पेटीची वही

होळी झाली की जठारपेठेत गच्च्यांवर स्वेटर दिसू लागतात. सकाळी दहालाच ऊन चटका देतं, हवेत ओल नावाला उरत नाही, आणि शाली, मफलर, लहान मुलांच्या कानटोप्या दोऱ्यांवर ओळीनं लटकतात. हिवाळ्याचे कपडे पेटीत घालायला वऱ्हाडात याहून चांगला काळ नाही. पेटीचं झाकण लावताना आत जी हवा राहते ती कोरडी असते, आणि पुढे पावसाळाभर कपड्यांना तिचाच आधार. हेच काम लांबवत जूनच्या तिसऱ्या आठवड्यात केलं तर दमट हवा आपण स्वतःच्या हातानं आत कोंडतो. मग नवरात्रात पेटी उघडली की कुबट वास येतो आणि काळ्या कोटावर बुरशीचे पांढुरके ठिपके दिसतात.

कपडे ठेवायचं सगळ्यांना जमतं; काय, कुठे, कोणत्या अवस्थेत ठेवलं ते लिहून ठेवायचा मात्र कंटाळा. आमच्या घरी त्यासाठी शंभरपानी वही आहे. एका कपड्याला एक ओळ: वस्तू, कोणाची, अवस्था, आणि शेवटी तीनपैकी एक शब्द – ठेव, द्यायचं किंवा दुरुस्ती. पेटीचा नंबर पेन्सिलीनं लिहायचा, कारण तो बदलतो. मुलांच्या कपड्यांपुढे ‘वय वर्षं आठ’ असं लिहून उपयोग नाही. छातीचं माप इंचात लिहावं, म्हणजे पुढच्या थंडीत पेटी न उघडताच कळतं की शाळेचा स्वेटर यंदा धाकट्याला होईल की नाही.

‘अवस्था’ या रकान्यात ‘ठीक’ लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. यंदाची एक ओळ सांगते. तपकिरी लोकरी स्वेटर, काखेत तीन भोकं. कोपराशी लोकर विरळ होऊन भोक पडलं असतं तर ती साधी झीज. उंदरानं कुरतडलं असतं तर भोक मोठं, कडा फाटक्या आणि आसपास चिंध्या. इथे भोकं बारीक, वेडीवाकडी आणि घडीच्या आत दडलेली होती. शिवणीत रेशमासारखी जाळी आणि लोकरीच्याच रंगाचे वाळूसारखे कण होते. ही कसर, म्हणजे लोकर खाणाऱ्या पतंगाची अळी. पतंग स्वतः काही खात नाही, खाते ती अळी, आणि घामट, मळक्या लोकरीवर ती जास्त पोसते. म्हणून ‘एकदाच तर घातला होता’ असं म्हणून न धुता ठेवलेला स्वेटर सगळ्यात आधी जातो. सुती कपड्याला ही अळी सहसा लागत नाही, पण कांजी तशीच ठेवून घडी घातली तर चंदेरी किडा वरचा पापुद्रा खरवडतो. सुती साड्या ठेवायच्या आधी कांजी धुऊन काढायची ती यासाठी.

एका स्वेटरला कसर दिसली की वहीत ओळ एकाची, पण काम पूर्ण पेटीचं. सगळं बाहेर काढून उन्हात टाकलं, शिवणी आणि कॉलर ब्रशनं घासल्या. अळीला उजेड आणि हालचाल सोसत नाही, ती गळून पडते. अंडी मात्र चिकटून राहतात. त्यासाठी तो स्वेटर प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवला. सासूबाईंनी मटारच्या शेजारी स्वेटर पाहून काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

डांबरगोळ्यांबद्दल एवढंच की त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून गोळ्या कापडात बांधून पेटीत सगळ्यात वर ठेवाव्यात. झाकण घट्ट नसेल तर त्यांचा उपयोग नाही. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत त्या कधीच घालू नयेत, कारण काही बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी त्या वाफेनं फुटतात आणि कावीळ वाढते. जरीच्या साडीपासूनही त्या लांबच बऱ्या. कडुलिंबाचा पाला सुकवून घालायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर मळका कपडा ठेवू नये. जरीच्या साडीपुढे वहीत एक जास्तीची नोंद लागते: ‘घडी बदलली’ आणि तारीख. वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलेली साडी त्याच रेषेवर उलते.

‘द्यायचं’ हा शब्द लिहायला सोपा. पण कधी द्यायचं तेही त्याच ओळीत हवं. घरी कामाला येणाऱ्या मावशींना मी एकदा होळीनंतर स्वेटर देऊ केला, तर त्या म्हणाल्या, “उन्हायात हे घेऊन काय करू वैनी? ठेवाले जागा नाई माह्या घरी. दिवाईले देजा.” बरोबर आहे. आपल्या माळ्यावरची अडगळ दुसऱ्याच्या एका खोलीत नेऊन टाकणं हे दान नव्हे. तेव्हापासून लोकरीच्या कपड्यांपुढे ‘द्यायचं – दिवाळी’ असं असतं. मेळघाटात कपडे नेणारी मंडळीही थंडीच्या तोंडाशी विचारतात, तेव्हा ती पिशवी तयारच असते. शाळेचा गणवेश मे महिन्यात द्यावा, कारण विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि त्याआधी मापात करून घ्यायला वेळ मिळतो. देण्याचा कपडा धुतलेला, बटणं पूर्ण आणि चेन लागणारा असावा. नसेल तर तो ‘दुरुस्ती’च्या पानावर जातो. तिथेही बसत नसेल तर पायपुसणं.

सगळ्यात जास्त कपडे अडकतात ते ‘दुरुस्ती’त. त्याचं कारण आळस कमी आणि अपुरी नोंद जास्त. ‘पँट दुरुस्ती’ या दोन शब्दांनी कोणी घराबाहेर पडत नाही. ‘चेनचा रनर बदलणे, शिंपी’ असं लिहिलं की पँट त्याच दिवशी पिशवीत पडते. बहुतेकदा दाते शाबूत असतात आणि सैल झालेला रनरच तेवढा बदलावा लागतो, पूर्ण चेन उसवायची गरज नसते. तपकिरी स्वेटरपुढे लिहिलं, ‘तीन भोकं, काख, रफू’. चांगला रफूगर त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागा काढून भोक विणतो, म्हणून रंग तंतोतंत जुळतो. यासाठीच शिवणीतलं जास्तीचं कापड कधी कापून टाकू नये. विणलेल्या कपड्याचं भोक धुण्याआधी सुईदोऱ्यानं कडेकडेनं धरून ठेवावं, नाहीतर धुताना टाके सुटत जातात आणि भोक दुप्पट होतं.

माझा नियम कडक आहे, घरात तो सगळ्यांना आवडत नाही. एखादा कपडा होळीच्या पानावर ‘दुरुस्ती’ आणि दिवाळीच्या पानावरही ‘दुरुस्ती’ असेल, तर तो घरात कोणाला नको आहे असं धरायचं आणि त्याच्या चिंध्या करायच्या. यजमानांचं खादीचं जाकीट यातून एकदाच सुटलं, तेही लग्नातलं म्हणून.

तुम्हीही यंदा पेटी लावाल तेव्हा यादीची एक प्रत झाकणाला आतून चिकटवा. आणि ‘दुरुस्ती’चं पान घेऊन शिंप्याकडे आत्ताच जा. कोजागिरी उलटली की दिवाळीच्या ब्लाउजांशिवाय तो कशालाही हात लावत नाही.