अठरावर अडलेली गाडी

सातारकरांना पठार म्हटलं की कास आठवतं. मला मात्र गेल्या पावसाळ्यात वेगळंच पठार भेटलं. सातारला शाळेत पस्तीस वर्षं काढून मी आता सांगलीला लेकाकडे असते. इथे इनस्क्रिप्ट पद्धतीने, न बघता मराठी टायपिंग शिकायला घेतलं. पहिल्या महिन्यात मिनिटाला अठरा शब्दांपर्यंत मजल गेली आणि मग गाडी तिथेच थांबली. रोज तासभर वर्तमानपत्रातले उतारे उतरवत होते, तरी पाच आठवडे अठराचे एकोणीस होईनात.

शेवटी मी उतारे बंद केले. नातीला हातात घड्याळ घेऊन शेजारी बसवलं आणि एकेक शब्द सुटा करून मोजला. 'घर', 'पाणी', 'सकाळ' हे शब्द झरझर जात होते. अडत होतं ते 'त्यांच्या', 'प्रश्न', 'स्वातंत्र्य' अशा जोडाक्षरांपाशी. 'त्यांच्या' या शब्दाला नऊ कळा लागतात. त्यातल्या चार एकट्या डाव्या मधल्या बोटाकडे, कारण पाय मोडायची कळ आणि काना दोन्ही त्याच बोटाचे. आणखी तीन उजव्या करंगळीकडे. म्हणजे इतर बोटं तरबेज झाली होती आणि ही दोन दमत होती. उतारा कितीही वेळा उतरवला तरी सराव जे येतं त्याचाच जास्त होत होता!

मग अशा दहा शब्दांची यादी केली. रोज दहा मिनिटं फक्त तेच शब्द, आधी सावकाश, 'च्या' हा चार कळांचा एकच ठेका समजून. त्यानंतर दोन मिनिटं मुद्दाम जास्त वेगाने, चुका होऊ देत. जिथे बोट घसरे ते अक्षर दुसऱ्या दिवशीच्या यादीत. तिसऱ्या आठवड्यात बावीस आले.

अमेरिकेत ब्रायन आणि हार्टर यांनी १८९७ साली तारमास्तरांबद्दल हेच लिहून ठेवलं आहे. कडकट्ट ऐकून संदेश उतरवून घेणाऱ्यांची प्रगती मध्येच काही आठवडे थांबे. अक्षरं अंगवळणी पडून अख्खा शब्द एकदम ऐकू येऊ लागला की ती पुन्हा वाढे. पुढच्या संशोधकांना असं पठार प्रत्येकात आढळलं नाही, म्हणजे ते अटळ नाही. आणि वयाचीही मर्यादा आहेच. माझी करंगळी चाळीसचा वेग गाठणार नाही.

पण मला बोचतं ते वेगळंच. अडलेल्या मुलांना मी वर्षानुवर्षं एकच सांगत आले, "सराव कमी पडतोय, अजून दहा वेळा लिहून आण." हातच्याची वजाबाकी न येणाऱ्या पोराने ती पन्नास गणितं सोडवली, त्यातली चाळीस बिनहातच्याची! त्याचं नेमकं कुठे अडतंय, ते मी शेजारी बसून पाहिलं नाही. सराव त्याचा नव्हे, माझा कमी पडला होता.

असो. यादीत आज 'विद्यार्थ्यांच्या' हा शब्द आहे.