चारशे रुपयांचा हिशेब

डिसेंबर उजाडला की बेदाण्याच्या परिषदांची निमंत्रणे येतात आणि पाठोपाठ शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या व्यवस्थापकांकडे विमान तिकिटाच्या मंजुरीचे ईमेल. त्यात बहुधा एकच ओळ असते: ‘तिकीट ५,८०० रुपये, मंजुरी मिळावी.’ व्यवस्थापक विचारतात, ‘याहून स्वस्त नाही का?’ उत्तर-प्रत्युत्तरात दोन दिवस जातात आणि तेवढ्यात भाडे वाढते.

करकंबची एखादी कंपनी धरू. जानेवारीत दिल्लीला परिषद आहे, पहिल्याच सत्रात सकाळी १० वाजता सादरीकरण आहे, आणि सोबत शीतगृहातल्या बेदाण्याचे दहा किलो नमुने न्यायचे आहेत. टेंभुर्णीमार्गे पुणे गाठायचे, तिथून थेट विमान. आकडे नमुन्यादाखल घेतले आहेत. आदल्या दुपारचे विमान ५,८०० रुपयांचे, परिषदेच्या दिवशी पहाटेचे ४,७००. नुसते तिकीट पाहिले तर पहाटेचे ११०० रुपयांनी स्वस्त. पण त्यासाठी पुण्यात मुक्काम लागतो, १,५०० रुपये. शिवाय ते तिकीट फक्त हातसामानाचे असल्याने नमुन्यांच्या पेटीचे आणखी १,०००. एकूण ७,२००. दुपारच्या विमानाला पेटीचे वेगळे पैसे नाहीत, पण दिल्लीत मुक्कामाचे १,८०० लागतात. एकूण ७,६००.

म्हणजे दुपारचे विमान तरीही ४०० रुपयांनी महागच पडते. ते लपवू नये. कारण लिहावे:

‘सर, पहाटेचे विमान एकूण ४०० रुपयांनी स्वस्त आहे. पण जानेवारीत दिल्लीत पहाटे धुके असते, विमाने उशिरा उतरतात. आपले सादरीकरण पहिल्याच सत्रात आहे. म्हणून दुपारचे विमान सुचवतो.’

‘दुपारचे सोयीचे आहे’ असे लिहिले असते, तर ते कोणाच्या सोयीचे हा प्रश्न आलाच असता.

केंद्र सरकारने २०२२ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना घालून दिलेली शिस्त इथे उपयोगी पडते. निवडलेल्या तीन तासांच्या टप्प्यातले सर्वांत स्वस्त थेट विमान पाहायचे आणि शक्यतो प्रवासाच्या २१ दिवस आधी तिकीट काढायचे. आपल्यावर ते बंधन नाही. पण सकाळच्या भाड्याची तुलना रात्रीच्या भाड्याशी करून खर्च फुगवण्याची किंवा दडवण्याची वाट त्याने बंद होते. दोन्ही भाडी एकाच वेळी पाहावीत, दिनांक आणि वेळ लिहून स्क्रीनशॉट जोडावा. एक भाडे सकाळी पाहिलेले आणि दुसरे संध्याकाळी पाहिलेले असे मांडले, तर ती तुलनाच नव्हे.

जीएसटी क्रमांक तिकीट काढतानाच टाकावा. नंतर बिल दुरुस्त करून घेणे जिकिरीचे असते, आणि क्रेडिट अडकले की लेखापाल आपल्यालाच फोन करतो.

ईमेलची शेवटची ओळ मात्र बहुतेक जण विसरतात: ‘मंजुरी उद्या ४ वाजेपर्यंत मिळाल्यास लगेच तिकीट काढतो; भाडे ६,३०० च्या वर गेले असेल, तर न काढता आपल्याला पुन्हा विचारतो.’