बोनसचे शेअर फुकटचे नव्हेत!

ढाणकीच्या एक भगिनी विचारतात, "विप्रोचे शंभर शेअर बोनसने दोनशे झाले. शंभर फुकटचे, ते विकून टाकू का?"

थांबा, ताई! अमळनेरला सुरू झालेल्या या कंपनीने २०२४ साली एकास एक बोनस दिला. दर्शनी किंमत २ रुपये. म्हणजे तुमच्या शंभर शेअरांपोटी राखीव निधीतले २०० रुपये भागभांडवलात गेले. डाळ या डब्यातून त्या डब्यात! एकूण तेवढीच, म्हणून भावही निम्म्यावर येतो. निम्मे विकलेत तर निम्मा हिस्सा गेला.

१९९९ साली १० रुपयांच्या शेअरचे २ रुपयांचे पाच झाले, तेव्हा तर डबाही बदलला नाही.

नवी डाळ येते ती प्रीमियमने. २ चा शेअर कंपनीने ५० ला दिला, तर २ भांडवलात, ४८ प्रीमियम खात्यात.